मध्यरात्रीच्या अलीकडची ताई

३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी एक मुलगी जन्मली आणि नऊ मिनिटांनी, म्हणजे १२ वाजून ५ मिनिटांनी, तिची जुळी बहीण. अशा दोघी आपण डोळ्यांसमोर आणू. दोघी एकाच आईच्या कुशीत, एकाच बाळंतपणात, एकाच डॉक्टरच्या हातून आलेल्या. पण एकीची जन्मतारीख ३१ डिसेंबर २०१९ आणि दुसरीची १ जानेवारी २०२०. तारीख वेगळी, महिना वेगळा, वर्षसुद्धा वेगळं.

आता त्यांना सातवं लागलंय आणि आकडे कळायला लागलेत. साहजिकच घरात रोज वाद आहे.

"मी तुझ्याहून एक वर्षानं मोठी आहे. मला ताई म्हणायचं."

"नऊ मिनिटांची कसली गं ताई? मी नाही म्हणणार जा."

आणि या भांडणात आजीनं तिसरंच काढलेलं असतं. "अगं, जुळ्यात मागून येतं ते मोठं. ते आधी रुजतं, म्हणून आत खोल असतं. आधी रुजलेलं मागून निघतं."

मुलं लहान आहेत म्हणून हा वाद हसण्यावारी नेला जातो. पण तिघींच्या बोलण्याला आधार आहे आणि तो नीट पाहिला तर जन्म, घड्याळ आणि सरकारी नोंद या तीन गोष्टी एकमेकींपासून किती वेगळ्या चालतात ते कळतं. अशी जुळी खरोखर जन्मतात. २०२१ सरताना अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास इथं एक भाऊ ३१ डिसेंबरला रात्री पावणेबाराला जन्मला आणि पंधरा मिनिटांनी, बरोबर मध्यरात्री, त्याची बहीण जन्मली. भाऊ २०२१ चा आणि बहीण २०२२ ची.

आजीचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते सगळ्यात जुनं आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात दितीच्या जुळ्या मुलांची कथा येते. कश्यपांनी त्यांची नावं ठेवली ती अशी: जो आधी गर्भात आला तो हिरण्यकशिपू आणि जो दितीच्या पोटातून आधी बाहेर आला तो हिरण्याक्ष. म्हणजे जन्म हिरण्याक्षाचा आधी. तरीही पुढं कथेत हिरण्याक्षालाच धाकटा भाऊ म्हटलं आहे. गर्भात आधी आला तो थोरला, हा आजीचा हिशोब तिथं जसाच्या तसा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांतही आधी जन्मणाऱ्या जुळ्याला ताइवो म्हणतात आणि मागून येणाऱ्याला केहिंदे, आणि थोरला मानतात तो केहिंदेला. जग कसं आहे ते पाहून ये, म्हणून त्यानं ताइवोला पुढं धाडलं, अशी त्यांची समजूत आहे. थोरल्यानं धाकट्याला कामाला पाठवायचं, हे नातं त्यांनी गर्भापर्यंत मागं नेलं.

पण आपल्याच परंपरेत याच्या उलट निवाडाही आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीचा विचार चालू असताना थोरलेपण कसं ठरवायचं हा प्रश्न येतो, कारण थोरल्याला जास्तीचा वाटा द्यायचा की नाही यावर ते अवलंबून होतं. तिथं जुळ्यांचा वेगळा उल्लेख करून सांगितलं आहे की गर्भात दोघं बरोबर असली तरी थोरलेपण जन्मावरून धरायचं. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. कथाकाराला गर्भातला क्रम सांगायला कुणी साक्षीदार लागत नाही. वाटणी करणाऱ्याला मात्र दहा माणसांनी पाहिलेली गोष्ट हवी असते. सुईण, घरातल्या बायका, बाहेर ताटकळलेला बाप, सगळ्यांना जन्माचा क्रम ठाऊक असतो. गर्भधारणेचा क्रम कुणालाच ठाऊक नसतो.

आणि आज शरीरशास्त्रानं जे कळलंय त्यावरून, तसा क्रम बहुतेक वेळा सांगताच येत नाही. एकसारखी दिसणारी जुळी एकाच फलित बीजापासून होतात. एकच गर्भ पहिल्या काही दिवसांत दुभंगतो. तिथं आधी रुजलेला आणि मागून रुजलेला असं काही उरतच नाही, दोघांची सुरुवात एकच असते. वेगवेगळी दिसणारी जुळी दोन बीजांपासून होतात. आईच्या शरीरात त्या पाळीत दोन बीजं सुटलेली असतात, ती साधारण एकाच सुमारास. दोन्ही फळण्यात काही तासांचा फरक असू शकेल, पण कोणतं आधी फळलं हे बाळाच्या पोटातल्या जागेवरून ओळखता येत नाही. गर्भाशय म्हणजे एकामागून एक धान्य ओतून भरलेली कणगी नव्हे, की तळाशी गेलं ते आधीचं. ज्याची पिशवी गर्भाशयाच्या तोंडाजवळ असते ते आधी येतं. सोनोग्राफीत डॉक्टर त्यालाच पहिलं बाळ म्हणून खूण करतात आणि बहुतेक वेळा तेच शेवटपर्यंत पुढं राहतं. सिझेरियनमध्ये मात्र छेदाजवळ जे हाताला लागेल ते आधी काढतात. त्यामुळे नऊ महिने सोनोग्राफीत जे पहिलं होतं ते जन्मताना दुसरं ठरलं, असंही होतं.

तेव्हा आजीचा मुद्दा कथेत शोभतो, हिशोबात नाही. थोरलेपण जन्मावरून ठरतं आणि ११.५६ ला आलेली ताईच थोरली. मग प्रश्न उरतो तो त्या नऊ मिनिटांचा. ती आली कुठून, आणि मोजली कुणी?

जुळ्यांच्या बाळंतपणात पहिलं बाळ आलं की खोलीतली घाई संपत नाही, वाढते. त्या बाळाची नाळ चिमट्यानं बांधून कापतात आणि बाळ बालरोगतज्ज्ञाकडे जातं. आईच्या पोटाकडच्या नाळेच्या टोकाला पुष्कळ ठिकाणी पहिल्या बाळासाठी एक चिमटा आणि दुसऱ्यासाठी दोन चिमटे लावतात, म्हणजे पुढं वार पडल्यावर कोणती नाळ कोणाची हे कळतं. थोरलेपणाची ही पहिली लेखी नसलेली नोंद. त्याच वेळी डॉक्टरांचा हात आईच्या पोटावर असतो. पहिल्या बाळाची जागा मोकळी झाल्यामुळे आत राहिलेलं दुसरं बाळ फिरू शकतं. डोकं खाली असेल तर उत्तम. पायाळू असेल तरी अनुभवी हातांना ते सोडवता येतं. आडवं झालं असेल तर पोटावरून किंवा आतून वळवावं लागतं. शिवाय पहिल्या जन्मानंतर कळा अनेकदा थोडा वेळ मंदावतात. मग सलाईनमधून कळा वाढवणारं औषध सुरू करतात, बाळाच्या ठोक्यांवर कान ठेवतात आणि डोकं खाली उतरल्यावर पाण्याची पिशवी फोडतात.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतील, पंधरा लागतील किंवा अर्धा तासही लागेल. सिझेरियन असेल तर दोन बाळांत एखाद-दोन मिनिटांचंच अंतर राहतं. या वेळात भीती असते ती नाळ बाळाच्या आधी घसरून दबली जाण्याची, किंवा वार बाळाआधी सुटायला लागण्याची. म्हणून तिथं कुणीही तारखेचा विचार करत नाही, आणि करूच नये. दोघींची तारीख एक यावी म्हणून घाई करा, किंवा नव्या वर्षाचं बाळ व्हावं म्हणून थांबवा, असं नातेवाइकांनी दारातून सांगितलं तरी डॉक्टरनं ते ऐकायचं नसतं. नऊ मिनिटं पडली ती बाळाच्या वळण्याला आणि कळांना पडली.

जन्माची वेळ कोणती धरायची, यालाही ठरलेलं उत्तर आहे. डोकं दिसलं तेव्हाची नाही, नाळ कापली तेव्हाची नाही, पहिलं रडणं ऐकू आलं तेव्हाचीही नाही. बाळाचं सगळं शरीर आईच्या शरीराबाहेर आलं तो क्षण. त्या क्षणी कुणीतरी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतं आणि मोठ्यानं वेळ सांगतं, दुसरं कुणीतरी लिहून घेतं. इतकंच. आपल्या वयाचा, पत्रिकेचा आणि निवृत्तीचा सगळा डोलारा त्या एका नजरेवर उभा असतो.

आणि तिथंच चूक होते. मध्यरात्रीच्या जुळ्यांत ती दोन तऱ्हांनी होते.

पहिली चूक बोलण्यातून येते. मंगळवारची रात्र सरून साडेबारा वाजले तरी आपण "मंगळवारी रात्री साडेबाराला" असंच म्हणतो. रात्रपाळीची सिस्टर संध्याकाळी कामावर आलेली असते, केसपेपरच्या माथ्यावर ३१ डिसेंबर लिहिलेलं असतं, आणि तिच्या मनातला दिवस उजाडेपर्यंत बदललेला नसतो. मग पहिल्या बाळासमोर "३१/१२, ११.५६" लिहिलं जातं आणि दुसऱ्यासमोर "३१/१२, १२.०५". हा आकडा शब्दशः वाचला तर धाकटी थोरलीच्या जवळजवळ बारा तास आधी, दुपारी जन्मली असा अर्थ होतो, किंवा मध्यरात्रीचे म्हणून वाचला तर ३१ तारखेची पहाट होण्याआधी, म्हणजे बहिणीच्या जवळजवळ चोवीस तास आधी. चोवीस तासांच्या पद्धतीनं २३.५६ आणि ००.०५ लिहिलं की हा घोळ निम्म्याहून जास्त मिटतो, कारण ००.०५ लिहिताना हात आपोआप पुढच्या तारखेकडे जातो. मध्यरात्रीचे शून्य वाजले की तो नव्या दिवसाचा आरंभ असतो, जुन्याचा शेवट नव्हे.

दुसरी चूक दोन घड्याळांची. समजा, पहिली मुलगी लेबर रूममध्ये नेहमीसारखी जन्मली. दुसरी आडवी झाली, वळेना, म्हणून आईला तातडीनं शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. ती जन्मली तेव्हा लेबर रूमच्या घड्याळात १२.०५ झाले होते, पण शस्त्रक्रियेच्या खोलीतलं घड्याळ चौदा मिनिटं मागं होतं आणि त्यात ११.५१ वाजले होते. कागदावर काय आलं? दुसऱ्या क्रमांकाचं बाळ ११.५१ ला, पहिल्या क्रमांकाचं ११.५६ ला. तारीख एक झाली आणि क्रमही उलटला. कुणीही खोटं लिहिलेलं नाही. अशा वेळी खरी साक्ष घड्याळाची नसते, क्रमांकाची असते. मनगटाच्या पट्टीवर पहिलं बाळ आणि दुसरं बाळ असं लिहिलेलं असतं, नाळेला एक आणि दोन चिमटे असतात. क्रम आणि वेळ जुळत नसेल तर वेळ तपासायची, क्रम बदलायचा नाही.

घड्याळ बरोबर असूनही क्रम उलटलेला दिसू शकतो. अमेरिकेत शरद ऋतूत एका ठरलेल्या रात्री दोन वाजले की घड्याळं एक तास मागं नेतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात अशाच रात्री जुळे भाऊ जन्मले. पहिला १ वाजून ३९ मिनिटांनी आला. दुसरा त्यानंतर ३१ मिनिटांनी आला, पण तोवर घड्याळ मागं गेलं होतं, म्हणून त्याची नोंद झाली १ वाजून १० मिनिटांची. दाखल्यावर धाकटा थोरल्याच्या आधी जन्मलेला. भारतात सगळीकडे वर्षभर एकच वेळ चालते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रसंग यायचा नाही.

रुग्णालयाच्या कागदावरून आता नोंदवहीकडे येऊ. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. रुग्णालयात जन्म झाला असेल तर कळवायची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखाची, घरी झाला असेल तर घरातल्या जबाबदार माणसाची, आणि मुदत २१ दिवसांची. प्रत्येक बाळाचा वेगळा अर्ज आणि वेगळा दाखला. त्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जन्मवेळ नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एरवी वेळ लिहीत नाहीत, पण जुळी-तिळी असतील तर मुद्दाम लिहितात, म्हणजे थोरलं कोण हे दाखल्यावरच राहतं. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे एकाच तारखेला जन्मलेल्या जुळ्यांपैकी थोरलं कोण हे जन्मदाखला सांगू शकत नाही. त्यासाठी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं लागतं, नाहीतर आईची आठवण.

मध्यरात्रीच्या जुळ्यांचं वेगळेपण इथं आहे. आपल्या देशात जन्मदाखल्यावरून ज्यांचं थोरलं-धाकटं कळतं अशी जुळी म्हणजे दोन तारखांवर विभागलेली जुळीच. आपल्या दोघी बहिणींचा वाद दाखले समोर ठेवले की एका क्षणात संपतो. साध्या जुळ्यांचा संपत नाही.

म्हणूनच पुष्कळ घरांत जे करायची इच्छा होते ते करू नये असं मला मनापासून वाटतं. कारकून म्हणतो, जुळी ना, मग तारीख दोन कशा, चुकलं असेल. आईवडिलांनाही वाटतं, दोघींचा वाढदिवस एकच बरा, शाळेतही एकत्र जातील, लिहू एकच तारीख. पण एकच तारीख लिहिली की एकीचा दाखला खोटा होतो आणि तिचं थोरलेपण किंवा धाकटेपण दाखवणारा एकमेव सरकारी कागद पुसला जातो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरायचा, असा बदल कायद्यात झाला आहे. दुसऱ्या कागदानं सावरून घेण्याची वाट त्यांना उरलेली नाही. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच दोन्ही डिस्चार्ज कार्डं शेजारी ठेवून पाहावं: बाळाचा क्रमांक, तारीख आणि वेळ तिन्ही जुळतात का. जुळत नसतील तर रुग्णालयाकडूनच नोंद नीट करून घ्यावी. नोंदणी होऊन गेल्यावरही दुरुस्ती होते. पुरावा पाहून निबंधक समासात दुरुस्तीची नोंद करतो, मूळ नोंद मात्र खोडत नाही. जुनं काय लिहिलं होतं तेही राहतं.

आता धाकटीचा मुद्दा. नऊ मिनिटांची कसली ताई? कायदा मात्र नऊ मिनिटं मोजतच नाही. सज्ञानतेचा कायदा १८७५ चा आहे आणि त्यात वयाची मोजणी कशी करायची ते सांगितलंय: जन्माचा दिवस पुरा दिवस म्हणून धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभीच माणूस सज्ञान झाला असं मानायचं. म्हणजे ३१ डिसेंबरला रात्री ११.५६ ला जन्मलेली मुलगी कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवसाच्या पहिल्या क्षणापासूनची. तिच्या हिशोबात जवळजवळ चोवीस तास फुकट आले. धाकटीला फुकट मिळाली ती फक्त पाच मिनिटं. नऊ मिनिटांचं अंतर पूर्ण एका दिवसाचं होतं ते असं.

एक दिवस तसा कुठं अडत नाही. पण सरकारी नियमांत काही तारखा कुंपणासारख्या उभ्या असतात आणि जुळ्यांची मध्यरात्र नेमकी अशा कुंपणावर आली तर एका दिवसाचं एक वर्ष होतं. महाराष्ट्रात गेली काही वर्षं पहिलीच्या प्रवेशासाठी वयाचा मानीव दिनांक ३१ डिसेंबर आहे. त्या दिवशी सहा वर्षं पूर्ण हवीत. ताई ३१ डिसेंबर २०२५ ला सहा वर्षांची झाली, म्हणून जून २०२५ मध्ये पहिलीला पात्र. धाकटी १ जानेवारी २०२६ ला सहाची झाली, म्हणून तिचा प्रवेश पुढच्या जूनमध्ये. एकाच पाळण्यातल्या दोघींत एक इयत्ता आली. "मी एक वर्षानं मोठी" हे ताईचं वाक्य शाळेच्या हजेरीपटावर खरं ठरलं. पण ही किमान वयाची अट आहे, तेव्हा आईवडिलांनी ताईला एक वर्ष थांबवलं तर दोघी एकाच वर्गात बसू शकतात. घरात दोघींची तयारी पाहून ते ठरवावं. तारीख बदलण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सरळ.

प्रत्येक मध्यरात्र मात्र अशी अडवत नाही. मतदार यादीसाठी आता वर्षात चार पात्रता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १ जानेवारी २०३८ ला दोघीही अठरा वर्षांच्या झालेल्या असतील, ताई आदल्या दिवशी आणि धाकटी त्याच दिवशी. त्यामुळे दोघींचं नाव एकाच वेळी यादीत जाऊ शकेल. याच दोघी एक रात्र उशिरा, १ आणि २ जानेवारीच्या मध्यरात्री जन्मल्या असत्या तर ताईला १ जानेवारीची पात्रता मिळाली असती आणि धाकटीला १ एप्रिलपर्यंत थांबावं लागलं असतं. आणि शाळेत त्यांना काहीच अडलं नसतं, कारण दोघींचं सहावं वर्ष कुंपणाच्या पलीकडेच पूर्ण झालं असतं. कोणती मध्यरात्र, यावर सगळं आहे.

पंचांगाला तर ही मध्यरात्र ठाऊकच नाही. आपला दिवस सूर्योदयापासून सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. ३१ डिसेंबर २०१९ ला मंगळवार होता. ११.५६ लाही मंगळवार आणि १२.०५ लाही मंगळवारच, बुधवार लागला तो उजाडल्यावर. तिथी सूर्योदयाशी बांधलेली नसते, ती दिवसाच्या कोणत्याही वेळी बदलू शकते, पण नेमक्या त्याच नऊ मिनिटांत बदलण्याची शक्यता फारच थोडी. म्हणून जुन्या पद्धतीच्या घरात या दोघींचा जन्मवार एक असतो, जन्मतिथी बहुधा एक असते आणि तिथीनं वाढदिवस केला तर औक्षणाचं ताटही एकच पुरतं. तारखेनं मात्र एकीचा केक जुन्या वर्षात आणि दुसरीचा नव्या वर्षात. दोन्ही वाढदिवस खरे आहेत आणि मुलींना दोन्ही हवेसे वाटतात.

थोरलेपणाचा पैशाशी संबंध आता उरलेला नाही. हिंदू वारसा कायद्यात थोरल्या मुलाला किंवा मुलीला जास्तीचा वाटा नाही, भावंडांचे वाटे समान. मनुस्मृतीच्या काळी ज्या कारणासाठी जुळ्यांचा क्रम ठरवावा लागला ते कारणच गेलं. राहिलं ते घरातलं थोरलेपण: कुणी कुणाला ताई म्हणायचं, पत्रिकेवर नाव कुणाचं आधी, घरचा निर्णय घेताना आधी कुणाला विचारायचं. ते नऊ मिनिटांनीही ठरतं आणि एका मिनिटानंही.

हिशोबात एक गोष्ट राहिली. समजा, दोघी मोठ्या होऊन राज्य सरकारच्या नोकरीत गेल्या आणि निवृत्तीचं वय आजच्यासारखं ५८ च राहिलं. नियम असा आहे की ज्या महिन्यात ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. ताईचं ५८ वं वर्ष ३१ डिसेंबर २०७७ ला पूर्ण होईल आणि ती त्याच दिवशी निवृत्त होईल. धाकटीचं १ जानेवारी २०७८ ला पूर्ण होईल, पण तिची जन्मतारीख १ असल्यामुळे तीही निवृत्त होईल ३१ डिसेंबर २०७७ लाच. मानीव दिनांकानं पहिलीत दोघींना एका वर्षानं वेगळं केलं असलं, तरी निवृत्तीचा नियम दोघींना एकाच संध्याकाळी घरी पाठवेल. तोवर ताईनं मात्र एक वर्ष आधी शाळा संपवून एक वर्ष आधी नोकरी धरली असेल, तर तिची नोकरी एका वर्षानं जास्त भरेल आणि निवृत्तिवेतनाच्या हिशोबात ती पुढं राहील.